सारांशलेखनाचे सहा गुण: फरदडीचा एक उतारा आणि तीन वह्या

प्रश्न: मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवतो. सारांशलेखन दिलं की मुलं उताऱ्यातलीच चार-पाच वाक्यं उचलून लिहितात. कोणी सगळे मुद्दे आणतो पण अर्धं पान भरतो, तर कोणी दोनच ओळींत आटपतो. गुण देताना माझाच गोंधळ होतो. मुद्दे, थोडक्यात लिहिणं आणि स्वतःची भाषा, या तिन्हींना गुण कसे वाटावेत? एखादा उतारा घेऊन दाखवाल का?

उत्तर:

सर, हा गोंधळ मीही अनेक वर्षं केला आहे. एकदा घटक चाचणीची एक वही चुकून दोनदा तपासली गेली. पहिल्यांदा मी त्या सारांशाला चार गुण दिले होते, आठवड्याने अडीच. उत्तर तेच, हात तोच, लाल पेनसुद्धा तोच. त्यानंतर मी ठरवलं, की मुद्द्यांची यादी कागदावर उतरल्याशिवाय उतारा वर्गात न्यायचा नाही.

दहावीच्या कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत सारांशलेखन हे पत्रलेखनाला पर्याय म्हणून येतं. गुण ६. पहिल्या प्रश्नातल्या अपठित उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश ‘तुमच्या शब्दांत’ लिहायचा असतो. म्हणजे तुम्ही विचारलेल्या तिन्ही गोष्टी त्या एका ओळीतच आल्या आहेत. उताऱ्यातलं काय घ्यायचं, किती लिहायचं आणि कोणाच्या भाषेत. खाली दिलेली गुणांची वाटणी मात्र माझ्या वर्गातली आहे, ती मंडळाची म्हणून कोणाला सांगू नका.

गेल्या वर्षी दिलेला उताराच घेऊ. मीच लिहिला होता, कारण आमच्या पोरांना तो वाचताना अडखळायला होत नाही.

> विदर्भातल्या कोरडवाहू शेतात कापूस हे आजही मुख्य पीक आहे. शेवटची वेचणी झाल्यावर पीक उपटून टाकायचे, ही जुनी रीत. पण ज्यांच्याकडे विहीर आहे असे काही शेतकरी डिसेंबरनंतर पुन्हा पाणी देतात, थोडे खत टाकतात आणि आणखी दोन महिने कापूस वेचतात. यालाच फरदड म्हणतात. उदाहरणार्थ, एखाद्याला पाच एकरांत चार-पाच क्विंटल कापूस जास्तीचा मिळतो आणि उन्हाळ्याचा खर्च निघतो. मात्र हा फायदा दिसतो तेवढा खरा नाही. हातात आलेला पैसा डोळ्यांना दिसतो, पुढे होणारे नुकसान लगेच दिसत नाही. गुलाबी बोंडअळी कापसाच्या बोंडात शिरून सरकी खाते. पीक शेतात उभे राहिले की तिला खायला अन्न मिळत राहते आणि तिचे जीवनचक्र तुटत नाही. पुढच्या हंगामात पेरलेल्या कापसावर ती लवकर येते. नुकसान फक्त फरदड घेणाऱ्याचे होत नाही, तर पतंग उडत जाऊन शेजारच्या शेतातही अंडी घालतात. शिवाय फरदडीचा कापूस आखूड धाग्याचा, डागाळलेला असतो, म्हणून त्याला भाव कमी मिळतो. म्हणूनच कृषितज्ज्ञ सांगतात, की डिसेंबरअखेर पीक काढावे, वाळलेली झाडे शेतात रचून न ठेवता त्यांची विल्हेवाट लावावी आणि हे सगळ्या गावाने एकाच वेळी करावे.

हे बरोबर १५० शब्द आहेत, म्हणजे सारांश ५० शब्दांच्या आसपास हवा.

उतारा मुलांना देण्याआधी मी स्वतः त्याचा सारांश लिहून पाहतो. शिक्षकाला जो उतारा ५० शब्दांत बसवता येत नाही तो मुलांना कसा बसणार? माझा सारांश असा झाला होता:

> शेवटच्या वेचणीनंतर पाणी-खत देऊन कापसाचे पीक राखणे म्हणजे फरदड. त्यातून हाती थोडी जास्तीची मिळकत येते. पण उभ्या पिकावर गुलाबी बोंडअळी जगत राहते आणि पुढच्या हंगामात लवकर, शेजारच्या शेतांवरही पसरते. हलक्या प्रतीमुळे दरही पडतो. त्यामुळे सगळ्या गावाने मिळून वर्षअखेरीस पीक काढून वाळलेल्या झाडांचा बंदोबस्त करणे गरजेचे आहे.

हे ४६ शब्द झाले. यातूनच मुद्द्यांची यादी निघते. माझ्या यादीत सहा मुद्दे आहेत. एक, फरदड म्हणजे काय. दोन, तिच्यातून थोडं जास्तीचं उत्पन्न दिसतं, पण तो फायदा खरा नाही. तीन, पीक उभं राहिल्यामुळे बोंडअळीला अन्न मिळत राहतं आणि ती पुढच्या हंगामात लवकर येते. चार, नुकसान एकट्याचं नाही, सगळ्या शिवाराचं आहे. पाच, फरदडीच्या कापसाला भाव कमी मिळतो. सहा, डिसेंबरअखेर पीक काढून झाडांची विल्हेवाट लावायची. ‘सगळ्या गावाने एकाच वेळी’ हे शब्द शेवटच्या वाक्यात असले तरी मी ते चौथ्या मुद्द्यात धरतो. पतंग शेजारच्या वावरात जातात म्हणून तर गावाने एकत्र करायचं. दोन्हींपैकी एक आलं तरी तो मुद्दा आला.

यादीइतकंच महत्त्वाचं आहे ते मुद्दा *नसलेलं* लिहून ठेवणं. पहिलं वाक्य मुद्दा नाही, ती नुसती ओळख आहे. पाच एकर आणि चार-पाच क्विंटल हे उदाहरण आहे. ‘हातात आलेला पैसा’ हे आधीचंच वाक्य पुन्हा सांगणं आहे. अळी सरकी खाते हा तपशील आहे, सारांशात आला तर हरकत नाही, पण त्याला गुण नाही. ही दुसरी यादी नसली की तपासताना हात सैल सुटतो. पोराने ‘पाच एकरांत चार-पाच क्विंटल’ असं नेमकं लिहिलेलं पाहिलं की आपल्याला वाटतं, वा, बारकाईने वाचलंय. आणि अर्धा गुण निसटतो.

आता वाटणी. मुद्द्यांना ३ गुण, प्रत्येकी अर्धा. स्वतःच्या भाषेला २. संक्षेपाला १. पण हे तीन रकाने वेगवेगळे ठेवून बेरीज केली की फसगत होते, हे मला दोन-तीन चाचण्यांनंतर कळलं. पहिल्या परिच्छेदाचीच पन्नास शब्दांत लांबण लावणाऱ्यालाही संक्षेपाचा गुण जातो. एक ओळ स्वतःच्या भाषेत लिहिणाऱ्याला भाषेचे पूर्ण दोन जातात. म्हणून मी तीन अटी घातल्या.

पहिली अट अशी, की निदान तीन मुद्दे आले तरच संक्षेपाचा गुण पाहायचा. नाहीतर ते थोडक्यात लिहिणं नाही, अर्धवट लिहिणं आहे. दुसरी, भाषेचे गुण मुद्द्यांच्या गुणांपेक्षा जास्त द्यायचे नाहीत. मुद्द्यांना एक मिळाला तर भाषेलाही फार तर एक. तिसरी अट उताऱ्यागणिक बदलते. प्रत्येक उताऱ्यात एक मुद्दा कण्यासारखा असतो, तो काढला की बाकीचं ढासळतं. इथे तो तिसरा आहे. फरदड आणि बोंडअळी यांचा संबंधच ज्याने सांगितला नाही त्याला मुद्द्यांचे दीडपेक्षा जास्त देत नाही, मग बाकी पाचही का असेनात.

शब्दसंख्येचं सोपं आहे. ४५ ते ५५ शब्दांना पूर्ण गुण, ३५ ते ४४ किंवा ५६ ते ६५ ला अर्धा, त्याबाहेर शून्य. शब्द मोजताना जोडशब्द एकच धरायचा. आमचा एकजण हे कळल्यावर दिसेल तिथे जोडरेघ मारून शब्द वाचवायला लागला होता, ‘बोंडअळी-लवकर-येते’ असं. त्याला हसून शून्य दिला. वर्गात प्रत्येक वेळी मोजत बसायची गरज नाही. आपल्या वहीत एका ओळीत साधारण सात शब्द बसतात हे प्रत्येकाला एकदा मोजून घ्यायला लावा, म्हणजे ‘पन्नास शब्द’ हे ‘सात ओळी’ होतात. उताऱ्याचंही तसंच, तीन ओळींतले शब्द मोजून सरासरी काढायची आणि ओळींनी गुणायचं.

खरी डोकेदुखी आहे स्वतःची भाषा. कुठवर उसनं आणि कुठून आपलं? मी पाच शब्दांची रेघ आखली आहे. उताऱ्यातले सलग पाच किंवा जास्त शब्द जसेच्या तसे आले, किंवा मधला एखादाच बदललेला असला, तर ती एक उचल. एकही उचल नाही तर २ गुण, एक उचल असेल तर दीड, दोन असतील तर एक, तीन असतील तर अर्धा, आणि अर्ध्याहून जास्त सारांश उचललेला असेल तर शून्य. फरदड, गुलाबी बोंडअळी, कापूस, पीक, डिसेंबर हे शब्द मोकळे. त्यांना पर्याय शोधायला लावणं म्हणजे पोरांना बिघडवणं. एका मुलीने ‘गुलाबी बोंडअळी’ टाळायला ‘लालसर कीटक’ लिहिलं होतं. तिची चूक नव्हती, मीच वर्गात ‘एकही शब्द उताऱ्यातला नको’ असं बोलून बसलो होतो.

पाच शब्दांच्या रेघेतून एक चोर मात्र सुटतो. वाक्याचा सांगाडा तोच ठेवून शब्द बदलणारा. ‘हंगाम’च्या जागी ‘मोसम’, ‘विल्हेवाट’च्या जागी ‘निर्मूलन’, ‘अन्न’च्या जागी ‘खाद्य’. मोजायला गेलं तर उचल सापडत नाही, आणि भाषा तरी त्याची नाही. तो ओळखायचा कसा? उताऱ्यातली दोन वाक्यं त्याने कुठेतरी एकत्र केली आहेत का, किंवा क्रम कुठे बदलला आहे का, एवढंच पाहा. दोन्ही नसेल तर भाषेला एकाच्या वर जाऊ नका.

आता तीन वह्या. नावं नको, पहिली, दुसरी, तिसरी म्हणू.

पहिली वही:

> विदर्भातल्या कोरडवाहू शेतात कापूस हे आजही मुख्य पीक आहे. काही शेतकरी डिसेंबरनंतर पुन्हा पाणी देतात आणि आणखी दोन महिने कापूस वेचतात. यालाच फरदड म्हणतात. गुलाबी बोंडअळी कापसाच्या बोंडात शिरून सरकी खाते. पुढच्या हंगामात पेरलेल्या कापसावर ती लवकर येते. फरदडीचा कापूस आखूड धाग्याचा असतो, म्हणून त्याला भाव कमी मिळतो. डिसेंबरअखेर पीक काढावे.

अक्षर मोत्यासारखं, शुद्धलेखन बिनचूक, शब्द ५१. पूर्वी मी याला चार दिले असते. यादी घेऊन बसलं की चित्र पालटतं. पहिला मुद्दा आहे, पाचवा आहे, सहावा आहे. दुसरा आणि चौथा नाहीच. तिसऱ्याकडे नीट पाहा. अळी सरकी खाते आणि पुढच्या हंगामात लवकर येते, ही दोन्ही वाक्यं त्याने घेतली, पण त्यांच्या मधलं वाक्य, ‘पीक शेतात उभे राहिले की’, तेच सुटलं. त्यामुळे बोंडअळीचा फरदडीशी काय संबंध हे या सारांशात कुठेच नाही. एक गोष्ट फरदडीची, एक अळीची, शेजारी शेजारी ठेवलेल्या. वाक्यं उचलणाऱ्या मुलांचं नेहमी हेच होतं. ती वाक्य उचलतात आणि ‘म्हणून’ मागे राहतो. मुद्दे दीड, संक्षेप एक, भाषा शून्य. एकूण अडीच.

दुसरी वही एका मुलीची. घरी सात एकर कापूस आहे.

> शेवटचा वेचा झाल्यावरही पऱ्हाटी न उपटता ओलीत करून कापूस घेणं म्हणजे फरदड. त्यात थोडे पैसे मिळतात पण नुकसानच जास्त. पऱ्हाटी उभी राहिली की बोंडअळीला खायला भेटते आणि पुढच्या साली ती लवकर येते. शेजाऱ्याच्या वावरातही जाते. आमच्या गावात कामगंध सापळे लावले होते, त्यात पतंग सापडतात. फरदडीच्या कापसाला व्यापारी कमी भाव देतो. म्हणून सगळ्या गावाने डिसेंबरमध्येच पऱ्हाटी काढून टाकावी, धुऱ्यावर ठेवू नये.

सहाच्या सहा मुद्दे आहेत. तिसरा तर माझ्यापेक्षा सोप्या भाषेत आला आहे. शब्द मात्र ६०. कामगंध सापळ्यांचं वाक्य बघा, नऊ शब्दांचं. ते खरं आहे, बोंडअळीचे नर पतंग पकडायला हे सापळे लावतातच. पण उताऱ्यात ते नाही. ते काढलं की बरोबर ५१ उरतात.

आपल्याकडच्या मुलांची ही खास अडचण आहे. विषय ओळखीचा असला की ती उताऱ्यात नसलेलं सांगायला लागतात, आणि ते बरोबरही असतं! याला वेगळे गुण कापावेत का, यावर आमच्या शिक्षकखोलीत वाद झाला. माझं म्हणणं, कापू नये. बाहेरची माहिती आपोआप शब्द खाते आणि संक्षेपात तिची शिक्षा होते. इथे झालीच, अर्धा गेला. एकाच चुकीला दोनदा मार कशाला? उताऱ्याच्या उलट काही लिहिलं तर गोष्ट वेगळी. त्या चाचणीत एका पोराने लिहिलं, की फरदड फायद्याची असते, ती घ्यावी. वही दिल्यावर म्हणाला, ‘सर, मागच्या साली फरदडीच्या पैशावरच माह्या बहिणीची फी भरली आमच्या बाबानं.’ त्याला मी खोटं कसं म्हणणार? पण सारांश आपल्या मताचा नसतो, लिहिणाऱ्याच्या म्हणण्याचा असतो. त्याचा दुसरा मुद्दा गेला. तेच म्हणणं त्याला निबंधात मांडायला सांगितलं, आणि त्याने ते चांगलं मांडलं.

आता पऱ्हाटी, वावर, ओलीत, वेचा, धुरा. काही शिक्षक हे शब्द लाल करून भाषेचे गुण कापतात. प्रश्नात ‘तुमच्या शब्दांत’ म्हटलंय आणि हे तिचे शब्द आहेत. उताऱ्यात ‘पीक’ आणि ‘वाळलेली झाडे’ आहे, तिने ‘पऱ्हाटी’ केलं. अर्थ कळल्याशिवाय हा बदल जमत नाही, म्हणून मला तर तो स्वतःच्या भाषेचा सगळ्यात पक्का पुरावा वाटतो. ‘खायला भेटते’ खाली मी पेन्सिलीने ‘मिळते’ लिहिलं, गुण नाही कापला. तरी दहावीच्या वर्गाला मी या शब्दांच्या जोड्या करून देतो: वावर-शेत, ओलीत-सिंचन, वेचा-वेचणी, धुरा-बांध. बोर्डाचा पेपर कोणाच्या हातात पडेल आपल्याला ठाऊक नसतं, आणि अर्ध्या गुणासाठी पोरीने कोणाच्या आवडीनिवडीवर अवलंबून राहू नये.

पाचव्या मुद्द्यात तिने भाव कमी सांगितला, कारण नाही सांगितलं. अर्धा गुण दिलाच. आखूड धागा आणि डाग हे त्या मुद्द्याचं कारण आहे, मुद्दा भाव पडण्याचा आहे. असं काही तपासताना अडलं, तर जो निर्णय घ्याल तो यादीच्या बाजूला लगेच लिहून ठेवा. विसाव्या वहीपर्यंत पहिल्या वहीत काय केलं ते आठवत नाही. मुद्दे ३, संक्षेप अर्धा, भाषा २. एकूण साडेपाच.

तिसरी वही:

> फरदड घेऊ नये. त्यामुळे बोंडअळी वाढते, सगळ्यांचे नुकसान होते आणि भावही मिळत नाही.

तेरा शब्द! लिहिणाऱ्या पोराला उतारा सगळा समजलाय, यात मला शंका नाही. तिसरा, चौथा, पाचवा मुद्दा आहे. अळी कशी वाढते हे नाही, पण फरदडीमुळे वाढते हे आहे, कणा शाबूत आहे. पण फरदड म्हणजे काय हे नाही, लोक ती का घेतात हे नाही, आणि घेऊ नये तर मग नेमकं काय करायचं तेही नाही. ज्याने उतारा वाचलाच नाही त्याच्या हातात हा सारांश दिला तर त्याला काय कळेल? मी मुलांना हेच विचारतो. मुद्दे दीड. तीन मुद्दे आहेत म्हणून संक्षेप पाहिला, पण ३५ च्या खाली, म्हणून शून्य. भाषा पूर्ण त्याची, पण दुसरी अट आडवी आली, म्हणून दीड. एकूण तीन.

म्हणजे तेरा शब्दांना तीन, आणि सुंदर अक्षरातल्या ५१ शब्दांना अडीच. यावर माझे सहकारी भडकले. ‘त्याने निदान मेहनत तरी केली!’ केली, पण उतरवून घेण्याची. दोघांना पुन्हा लिहायला बसवलं तेव्हा फरक दिसला. तिसऱ्या वहीच्या मुलाला मी फक्त एवढं म्हटलं, की हे तुझ्या मुंबईच्या मावसभावाला समजेल असं लिही. दहा मिनिटांत त्याने ४८ शब्दांचा नीट सारांश आणला. पहिल्या वहीच्या मुलाला मुळापासून शिकवावं लागलं.

ते शिकवायचं कसं, हेही सांगून टाकतो, कारण नुसत्या गुणांनी नक्कल थांबत नाही. आधी उतारा दोनदा वाचायला लावतो, मग कागद पालथा. शेजारच्याला तोंडी सांगायचं, प्रत्येकाने एक मिनिट. तोंडी सांगताना कोणीही ‘तिचे जीवनचक्र तुटत नाही’ म्हणत नाही, ‘अळी मरतच नाही न सर’ असंच म्हणतं. मग वहीच्या मागच्या पानावर कच्चे मुद्दे, आणि त्यात क्रियापद लिहायचं नाही ही एकच शिस्त. ‘डिसेंबरनंतर पाणी-खत’, ‘थोडा पैसा’, ‘उभं पीक, अळीला अन्न’, ‘शेजारी पण’, ‘भाव कमी’, ‘सगळं गाव, डिसेंबर’. सारांश लिहिताना उताऱ्याकडे पाहायचं नाही, या तुकड्यांकडे पाहायचं. तुकड्यांत क्रियापद नसल्यामुळे ते पोराला स्वतःचं आणावं लागतं, आणि क्रियापद स्वतःचं आलं की मराठी वाक्य आपोआप स्वतःचं होतं. परीक्षेत कागद पालथा घालून शेजाऱ्याशी बोलता येत नाही, पण हे तुकडे मागच्या पानावर लिहिता येतात. त्याला तीन मिनिटं लागतात. पहिल्या वहीचा मुलगा याच वाटेने दिवाळीनंतरच्या चाचणीत चारवर आला.

प्रत्येक उतारा या योजनेत बसत नाही हे लक्षात ठेवा. पावसाचं, जत्रेचं, आजीच्या अंगणाचं वर्णन घेतलं तर मुद्दे मोजताच येत नाहीत. तिथे तुम्हाला सहा सापडतील, मला चार. ज्यात कारण आहे, परिणाम आहे आणि एखादा उपाय किंवा निष्कर्ष आहे असा उतारा निवडा. दीडशे शब्दांत पाच ते सात मुद्दे पुरे. त्याहून जास्त निघाले तर एका मुद्द्याला सात शब्दसुद्धा मिळत नाहीत आणि मुलं वाक्यं सोडून यादी लिहायला लागतात. आणि प्रश्नात शीर्षक मागितलेलं नसेल तर शीर्षकाला गुण ठेवू नका.

तपासताना मी आता समासात एकच आकडा लिहीत नाही, तीन लिहितो: मुद्दे, संक्षेप, भाषा. दुसऱ्या वहीवर ‘३, ½, २’ असं होतं. आलेल्या मुद्द्याचा क्रमांक त्या त्या वाक्यावर, आणि उचललेल्या शब्दांखाली नागमोडी रेघ. एका वहीला दोन मिनिटं लागतात, चाळीस वह्यांना दीड तासाच्या आत. पहिल्या पाच वह्या तपासून झाल्या की थांबून यादी पुन्हा वाचा. माझ्या यादीत एखादा तरी मुद्दा त्या वेळी दुरुस्त होतो, आणि मग त्या पाच वह्या परत उघडाव्या लागतात. ‘सगळ्या गावाने’ हा चौथ्या मुद्द्यात गेला तो असाच, पाचव्या वहीनंतर.